यादृच्छिक बिंदूंनी काढलेला समाकल: त्रुटी √N च्या गतीने कधी घटते आणि कधी घटत नाही

प्रश्न: ० ते १ या मर्यादांमध्ये e^(-x)/√x या फलनाचा समाकल मी माँटे कार्लो पद्धतीने काढत आहे. x साठी यादृच्छिक संख्या घेतो, फलनाच्या किमती काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. १०,००० बिंदू घेतले तर एका सीडला १.४७ येते, दुसऱ्याला १.४८, तिसऱ्याला १.५४. बिंदू वाढवले की उत्तर स्थिरावल्यासारखे वाटते आणि मध्येच उडी मारते. त्रुटी १/√N प्रमाणे घटते असे वाचले होते, ते इथे का दिसत नाही? आणि खरे उत्तर माहीत नसेल तर किती बिंदू पुरे हे कसे ठरवायचे?

उत्तर:

तुम्ही सांगितलेली लक्षणे प्रोग्रॅममधल्या चुकीची वाटत नाहीत. ती या फलनाचीच आहेत. १/√N हा नियम खरा आहे, पण त्याला एक अट आहे, आणि तुमचे फलन नेमकी तीच अट मोडते. सुदैवाने तुमच्या समाकलाचे अचूक उत्तर माहीत आहे: ते √π · erf(1) म्हणजे १.४९३६४८ इतके येते. त्यामुळे काय बिघडते आणि किती बिघडते, हे आपल्याला आकड्यांनिशी पाहता येईल.

आधी नियम कुठून येतो ते पाहू, कारण अट त्याच्या सिद्धतेतच दडलेली आहे. ० ते १ मध्ये एकसमान वितरणाने x निवडला, तर f(x) ही एक यादृच्छिक राशी होते आणि तिचे अपेक्षित मूल्य म्हणजेच आपल्याला हवा असलेला समाकल. एका बिंदूवर काढलेली किंमत या मूल्यापासून सरासरीने किती दूर पडते, याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. त्याला σ म्हणू. त्याचा वर्ग म्हणजे प्रचरण. आता N बिंदू एकमेकांपासून स्वतंत्रपणे निवडले, तर त्यांच्या बेरजेचे प्रचरण Nσ² होते, कारण स्वतंत्र राशींची प्रचरणे सरळ मिळवता येतात. सरासरी काढताना बेरजेला N ने भागतो, म्हणून प्रचरणाला N² ने भागले जाते आणि सरासरीचे प्रचरण σ²/N उरते. त्याचे वर्गमूळ, म्हणजे σ/√N, ही सरासरीची प्रमाण त्रुटी.

नियम एवढाच आहे. काही किमती वर पडतात, काही खाली पडतात आणि त्या एकमेकींना बऱ्याच अंशी छेद देतात, म्हणून त्रुटी घटते. पण हा छेद पूर्ण नसतो, म्हणून ती N च्या नव्हे तर √N च्या प्रमाणात घटते. बिंदू चौपट केले की त्रुटी अर्धी होते, दहापट केले की सुमारे ३.१६ पटीने कमी होते, आणि दशांश चिन्हानंतरचा एक अंक वाढवायचा तर शंभरपट बिंदू लागतात. या युक्तिवादात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: बिंदू स्वतंत्र आहेत आणि σ ही सांत संख्या आहे. बिंदू स्वतंत्र असतील असे तूर्त मानू. σ कडे मात्र नीट पाहायला हवे.

σ² म्हणजे f² चा समाकल वजा समाकलाचा वर्ग. तुमच्या फलनाचा वर्ग e^(-2x)/x असा आहे. शून्याजवळ तो १/x सारखा वागतो, आणि १/x चा समाकल शून्यापर्यंत नेला की तो अनंत होतो. म्हणजे फलनाचा समाकल सांत आहे, पण त्याच्या वर्गाचा नाही. σ हा आकडाच अस्तित्वात नाही, तेव्हा σ/√N या सूत्राला इथे शब्दशः अर्थ उरत नाही. तरीही सरासरी योग्य उत्तराकडेच जाते, कारण त्यासाठी फक्त अपेक्षित मूल्य सांत असणे पुरेसे असते. बिघडते ती तिथे पोहोचण्याची गती, आणि त्याहून अधिक त्या गतीचे स्वरूप.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते १०,००० बिंदूंच्या उदाहरणावरून समजेल. ० ते ०.०००१ या चिंचोळ्या पट्ट्यात तुमच्या १०,००० बिंदूंपैकी सरासरीने एकच बिंदू पडतो. या पट्ट्यावरचे फलनाखालील क्षेत्रफळ मात्र जवळपास ०.०२ आहे, म्हणजे एकूण उत्तराच्या सव्वा टक्क्याहून थोडे अधिक. एवढी जबाबदारी एकाच बिंदूच्या माथी आहे. तो बिंदू पट्ट्यात पडलाच नाही, आणि असे होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे, तर तेवढे क्षेत्रफळ तुमच्या सरासरीत येतच नाही. उलट तो शून्याच्या फारच जवळ पडला, समजा x = ०.०००००४ इथे, तर तिथली फलनाची किंमत ५०० आहे आणि तो एकटा बिंदू सरासरीत ०.०५ ची भर घालतो. एखादा बिंदू शून्याच्या इतका किंवा याहून जवळ पडण्याची शक्यता १०,००० बिंदूंमध्ये सुमारे ४ टक्के आहे. तुम्हाला १.५४ देणाऱ्या सीडमध्ये बहुधा असाच एक बिंदू आहे. त्या धावेतली फलनाची सर्वांत मोठी किंमत छापून पाहा, उत्तर लगेच मिळेल. १.४७ आणि १.४८ का आले याचेही उत्तर यातच आहे: बहुतेक धावा खऱ्या मूल्याच्या किंचित खाली राहतात आणि मोजक्या धावा बऱ्याच वर जातात.

बिंदू वाढवून ही परिस्थिती पालटत नाही. दहा लाख बिंदू घेतले की सर्वांत लहान x साधारण दहा लाखांश असतो आणि तिथली किंमत साधारण १,००० असते. नव्या, अधिक चिंचोळ्या पट्ट्यात पुन्हा तोच खेळ सुरू होतो. उत्तर स्थिरावल्यासारखे वाटून मध्येच उडी मारते ते यामुळे. प्रत्येक उडीनंतर सरासरी हळूहळू खाली उतरत येते आणि पुढची उडी होईपर्यंत शांतता असते. ती शांतता म्हणजे अचूकता, असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो फसवा आहे.

गतीचा हिशोब केला तर नुकसान वाटते तेवढे भयंकर नाही, हेही सांगायला हवे. नमुन्यातून काढलेले प्रमाण विचलन, ज्याला s म्हणू, ते इथे एका ठिकाणी थांबत नाही. s² साधारण N च्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतक्या गतीने वाढत राहतो. ढोबळमानाने १०,००० बिंदूंना s सुमारे २.४ मिळतो, एक लाखाला २.८ आणि दहा लाखांना ३.२. त्यामुळे दहापट बिंदू घेतल्यावर त्रुटी ३.१६ पटीने कमी होण्याऐवजी सुमारे २.७ पटीने कमी होते. हे आकडे नेहमीच्या धावेचे आहेत. एखाद्या धावेत मोठी किंमत सापडली की s एकदम बराच वर जातो. तुमचे फलन सीमेवरचे आहे. √x ऐवजी छेदात x^0.75 असते तर समाकल सांतच राहिला असता, पण त्रुटी N च्या वर्गमुळाऐवजी चतुर्थमुळाच्या गतीने घटली असती आणि त्रुटीचा एक अंक कमी करायला शंभरऐवजी दहा हजार पट बिंदू लागले असते.

आता दुसरा, अधिक व्यावहारिक प्रश्न: खरे उत्तर माहीत नसताना हे ओळखायचे कसे? माझी सवय अशी आहे की सरासरीकडे पाहण्याआधी मी s कडे पाहतो. N वाढत जाताना s चा आलेख काढला, तर निकोप समाकलात तो काही हजार बिंदूंनंतर आडवा होतो. आजारी समाकलात तो पायऱ्यांनी चढत राहतो: एक उभी पायरी, मग सावकाश उतार, मग पुन्हा एक पायरी. s चढत असताना s/√N हा आकडा छापून त्यावर विश्वास ठेवणे म्हणजे ताणत जाणाऱ्या फूटपट्टीने लांबी मोजणे आहे.

दुसरी खूण मला याहूनही उपयोगी वाटते, कारण ती एकाच आकड्यात मिळते. सर्व किमतींच्या वर्गांची बेरीज काढा आणि तीत सर्वांत मोठ्या एका किमतीच्या वर्गाचा वाटा किती आहे ते पाहा. प्रचरण सांत असेल तर हा वाटा N वाढत जाताना शून्याकडे जातो. फलनाला वरची मर्यादा असेल तर तो १/N च्या गतीने, म्हणजे फार लवकर नगण्य होतो. तुमच्या फलनात दहा लाख बिंदू घेतल्यावरही एकाच बिंदूचा वाटा सर्वसाधारणपणे ८ टक्क्यांच्या आसपास राहतो आणि एखाद्या धावेत तो निम्म्यावरही जातो. दहा लाखांतला एक बिंदू वर्गांच्या बेरजेचा एवढा भाग व्यापत असेल, तर तुमच्याकडे कागदोपत्री दहा लाख बिंदू असले तरी त्रुटीच्या अंदाजामागे मूठभरच आहेत.

या खुणा आजार सिद्ध करू शकतात, आरोग्य सिद्ध करू शकत नाहीत. कल्पना करा की एखादे फलन सर्वत्र १ आहे, आणि फक्त ०.०००००१ रुंदीच्या एका पट्ट्यात त्यावर दहा लाख उंचीचा सुळका आहे. खरा समाकल २ आहे. १०,००० बिंदू घेतले तर ते सगळे सुळका चुकवतील याची शक्यता ९९ टक्के आहे. तसे झाले की सरासरी १, s शून्य आणि प्रमाण त्रुटीही शून्य मिळेल, आणि वरच्या दोन्ही खुणा निर्धास्तपणे होकार देतील. नमुन्याने जे पाहिलेच नाही, त्याबद्दल नमुना काहीही सांगू शकत नाही. म्हणून प्रोग्रॅम लिहिण्याआधी फलन कागदावर पाहणे, ते कुठे अनंताकडे जाते, कुठे एकाएकी उंच होते, टोकाला किती वेगाने पडते हे ओळखणे, याला पर्याय नाही.

तुमच्या बाबतीत कागदावर पाहिले की उपायही लगेच दिसतो. सगळी अडचण १/√x या गुणकाची आहे. x = u² असे घ्या; मग dx = 2u du होते, √x च्या जागी u येतो आणि दोन्ही u छेदले जातात. उरतो तो ० ते १ मधील 2e^(-u²) चा समाकल. उत्तर तेच, पण हे फलन २ आणि ०.७३६ यांच्या दरम्यान राहते, कुठेही अनंताकडे जात नाही. त्याचे प्रचरण हातानेही काढता येते: ते ०.१६१६ येते, म्हणून σ = ०.४०२.

```python
import numpy as np

rng = np.random.default_rng(7)
N = 10_000
u = rng.random(N)
g = 2 * np.exp(-u**2)

I  = g.mean()
se = g.std(ddof=1) / np.sqrt(N)
print(I, se, (g**2).max() / (g**2).sum())
```

१०,००० बिंदूंना प्रमाण त्रुटी आता सुमारे ०.००४ येईल, तुमच्या मूळ पद्धतीत ती ०.०२४ च्या आसपास होती आणि तीही भरवशाची नव्हती. सहापट सुधारणा म्हणजे तेवढ्याच अचूकतेसाठी सुमारे ३६ पट कमी बिंदू. बिंदू दहा लाख केले की त्रुटी ०.०००४ होईल, आणि आता ती नियमाप्रमाणेच होईल. तिसरा छापलेला आकडा, म्हणजे वर्गांतला सर्वांत मोठा वाटा, १०,००० बिंदूंनाच ०.०००१७ च्या आसपास दिसेल.

एक छोटी गोष्ट जाता जाता. मूळ फलन थेट मोजताना यादृच्छिक संख्या नेमकी शून्य आली तर शून्याने भागाकार होतो आणि पूर्ण सरासरी `inf` होते. डबल प्रिसिजनमध्ये हे व्यवहारात घडत नाही, पण २४ बिट वापरणाऱ्या सिंगल प्रिसिजनच्या जनित्रात सुमारे १ कोटी ६८ लाख संख्यांत एकदा शून्य येते, आणि एवढे बिंदू आजकाल सहज घेतले जातात. u वापरल्यावर हा प्रश्नच उरत नाही.

किती बिंदू पुरे, हे आता ठरवता येते. आधी हजारेक बिंदूंची चाचणी धाव घ्या आणि तिच्यातून s मिळवा. हवी असलेली त्रुटी ε असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर N = (1.96·s/ε)² घ्या. उत्तर ०.००१ पर्यंत अचूक हवे असेल तर १.९६ गुणिले ०.४०२ भागिले ०.००१ याचा वर्ग, म्हणजे सुमारे ६ लाख २० हजार बिंदू. मग तेवढ्या बिंदूंची मुख्य धाव नव्या सीडने घ्या आणि येईल ते उत्तर त्याच्या प्रमाण त्रुटीसह स्वीकारा. ९५ टक्क्यांचा अर्थ असा की वीस सीडपैकी सरासरीने एक उत्तर या पट्ट्याबाहेर पडणारच. तसे पडले म्हणून ते टाकून देऊ नये, आणि वीसच्या वीस उत्तरे पट्ट्याच्या अगदी मध्याशी चिकटली तर मात्र संशय घ्यावा.

उत्तराकडे पाहत थांबण्याचा क्षण निवडू नये, हे यातले सर्वांत जास्त मोडले जाणारे पथ्य आहे. याचे गाजलेले उदाहरण १९०१ सालचे आहे. इटलीतील मारिओ लाझारिनी यांनी समांतर रेषांवर सुई टाकून π काढण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सुईची लांबी रेषांमधील अंतराच्या पाच षष्ठांश होती; ३,४०८ वेळा सुई टाकली आणि १,८०८ वेळा ती रेषेला छेदून पडली, असे त्यांनी सांगितले. यातून π ची किंमत ३५५/११३ म्हणजे ३.१४१५९२९ येते आणि ती सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. आता वरचा हिशोब लावा. ३,४०८ फेकींत छेदांच्या संख्येचे प्रमाण विचलन सुमारे २९ आहे आणि एक छेद कमी-जास्त झाला तरी π मध्ये ०.००१७ चा फरक पडतो. म्हणजे या प्रयोगाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.०५ आहे, आणि उत्तर मात्र तिच्या लाखाहून अधिक पटीने अचूक निघाले. सुईची लांबी आणि फेकींची संख्या ३५५/११३ हा अपूर्णांक नजरेसमोर ठेवूनच निवडली असावी, असे पुढे अनेकांनी दाखवून दिले. अपेक्षित त्रुटीपेक्षा फारच चांगले उत्तर हेही बिघाडाचे लक्षण असते.

स्वतंत्रतेची जी अट आपण बाजूला ठेवली होती, तिच्याबद्दल एवढेच सांगतो की ती मोडली की s काहीच सांगत नाही. एका कामात मी आठ प्रक्रिया समांतर चालवल्या होत्या आणि त्या आठही एकाच सीडने सुरू झाल्या. मला वाटत होते की आठपट बिंदू मिळाले. प्रत्यक्षात तेच बिंदू आठ वेळा मोजले गेले होते. प्रमाण त्रुटी √८ म्हणजे २.८ पटीने लहान छापली जात होती आणि उत्तर तेवढे सुधारले नव्हते. प्रत्येक प्रक्रियेची सरासरी वेगळी छापली तेव्हा आठही आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे निघाले आणि उलगडा झाला. तेव्हापासून मी तुकड्यांच्या सरासऱ्या नेहमी वेगळ्या ठेवतो. `np.random.SeedSequence` मधील `spawn` वापरले की प्रत्येक प्रक्रियेला वेगळा प्रवाह मिळतो.

x = u² हे रूपांतर खरे तर एका व्यापक युक्तीचे उदाहरण आहे. u एकसमान असताना x = u² घेणे म्हणजे x हा 1/(2√x) या घनतेने निवडणे, म्हणजेच शून्याजवळ मुद्दाम जास्त बिंदू टाकणे, आणि त्याची भरपाई म्हणून f ला त्या घनतेने भागणे. याला इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग म्हणतात. घनता p असेल तर आपण f/p ची सरासरी घेतो, आणि अट बदलून अशी होते की f²/p चा समाकल सांत असावा. p चा आकार f सारखा जितका जास्त, तितके f/p सपाट आणि त्रुटी कमी.

पण ही युक्ती उलटूही शकते, आणि उलटते तेव्हा आवाज करत नाही. एक साधे उदाहरण घ्या: ० पासून अनंतापर्यंत e^(-x) चा समाकल, ज्याचे उत्तर १ आहे. बिंदू 3e^(-3x) या घनतेने निवडले, तर भागाकार (1/3)e^(2x) होतो. घनतेची शेपटी फलनाच्या शेपटीपेक्षा लवकर पडते, म्हणून दूरचे x क्वचितच मिळतात, पण मिळाले की त्यांचे वजन प्रचंड असते. f²/p चा समाकल इथे अनंत आहे. घनतेतला घातांक २ पेक्षा लहान ठेवला असता तरच तो सांत राहिला असता. निम्मी वजने ०.५३ च्या खाली असतात, त्यामुळे लहानशा नमुन्याची सरासरी बहुधा १ च्या खाली अडकते, s माफक दिसतो आणि छापलेली प्रमाण त्रुटी आश्वासक वाटते. त्रुटी प्रत्यक्षात N च्या घनमुळाच्या गतीने घटते, म्हणजे एक अंक मिळवायला शंभरऐवजी हजारपट बिंदू. घनता निवडताना मध्यभाग जुळवण्याआधी शेपूट पाहावी: p ची शेपटी f पेक्षा जाड असेल तर फार तर थोडे बिंदू वाया जातात, बारीक असेल तर प्रचरणच हातचे जाते.

शेवटी, तुमचा समाकल खरोखरच एका चलाचा असेल तर यांपैकी काहीही वापरू नका, असेच मी सांगेन. 2e^(-u²) या फलनाला सिम्पसनचा नियम लावा, ० ते १ चे दहा समान भाग करा. फक्त ११ ठिकाणी फलन मोजावे लागते आणि त्रुटी सुमारे ०.०००००१६ येते. यादृच्छिक बिंदूंनी तेवढी प्रमाण त्रुटी गाठायची तर ६,००० कोटींहून अधिक बिंदू लागतील.

चलांची संख्या वाढली की हे पारडे फिरते. दहा चलांच्या समाकलात प्रत्येक अक्षावर ११ बिंदू घेतले तर जाळीत ११ चा दहावा घात, म्हणजे सुमारे २,५९४ कोटी बिंदू होतात. जाळीच्या एकूण N बिंदूंच्या हिशोबात सिम्पसनची त्रुटी d चलांना N^(-4/d) अशी घटते, म्हणून आठ चलांना तिची गती यादृच्छिक पद्धतीएवढीच होते आणि त्यापुढे ती मागे पडते. σ/√N मध्ये चलांची संख्या येतच नाही. अर्थात σ मात्र चलांबरोबर वाढू शकतो, आणि दहा चलांमध्ये कोणत्या कोपऱ्यात फलन सुळक्यासारखे उंच होते हे कागदावर दिसणे फार कठीण असते. तेव्हा तुमचा एका चलाचा प्रयत्न मोठ्या समाकलाची तयारी असेल, तर वर्गांतला सर्वांत मोठा वाटा छापणारी ती ओळ प्रोग्रॅममध्ये तशीच राहू द्या, आणि तो वाटा एक टक्क्याच्या वर दिसला की N वाढवण्याआधी तो बिंदू कोणत्या कोपऱ्यात पडला आहे ते पाहा.